‘मंजुरी’ नेमकी कशाला मिळाली? औषधाच्या अभ्यासाचे कागद मराठीत आणताना

वस्तीत एखाद्या नव्या औषधाचा अभ्यास सुरू होणार असतो, तेव्हा कोणीतरी येऊन सांगते, ‘‘घाबरू नका, याला एथिक्स कमिटीची मंजुरी आहे.’’ या एका वाक्यावर आपल्या बायाबापड्या सही करून मोकळ्या होतात. मंजुरी म्हटली की रेशनकार्डाची, घरकुलाची, पेन्शनची मंजुरी डोळ्यांपुढे येते. सरकारने पाहिले, ठीक आहे म्हणाले, आता काळजी नाही, असा तिचा अर्थ आपण घेतो. एथिक्स कमिटीच्या, म्हणजे नीतिमत्ता समितीच्या पत्रात मात्र असे काहीच लिहिलेले नसते.

गेली काही वर्षे मी अशी पत्रे आणि अभ्यासाच्या आराखड्याचे सारांश मराठीत करण्याच्या कामात आहे. वस्तीतले लोक आणि संशोधक यांच्यात बोलणे व्हावे म्हणून काही ठिकाणी ‘समुदाय सल्लागार मंडळ’ असते. त्या मंडळातल्या लोकांना हे कागद वाचता आले पाहिजेत, म्हणून ते मराठीत लागतात. ते करताना कोणते शब्द अडतात आणि त्या अडण्यात आपल्या कामाचे काय दडलेले असते, ते या वेळी सांगते.

पत्र काय म्हणते

भारतात औषधांच्या अभ्यासांना २०१९ चे ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम’ लागू आहेत. समितीने मान्यतेचे पत्र कसे लिहावे, याचा नमुनाच या नियमांत दिला आहे, त्यामुळे मुंबईचे पत्र असो की नागपूरचे, सांगाडा साधारण सारखाच असतो. आधी समितीने कोणकोणती कागदपत्रे तपासली त्यांची यादी येते. मग बैठकीची तारीख, वेळ, जागा आणि हजर सदस्यांची नावे. त्यानंतर एक छोटे वाक्य असते. त्याचा अर्थ असा, की हा अभ्यास ज्या स्वरूपात आमच्यापुढे ठेवला त्या स्वरूपात करायला आम्ही मान्यता देतो. शेवटी समिती सांगते, की कामाची प्रगती, गंभीर घटना आणि आराखड्यातला किंवा माहितीपत्रकातला कोणताही बदल आम्हाला कळवा, आणि अंतिम अहवालाची प्रत द्या.

या वाक्यात मान्यता आहे ती ‘अभ्यास करायला’. औषध गुणकारी आहे किंवा त्याचा त्रास होणार नाही, असे समितीने म्हटलेले नाही, आणि तिला तसे म्हणताही येणार नाही. ते ठाऊक असते तर अभ्यासच लागला नसता. म्हणून मी नुसते ‘मंजुरी’ लिहीत नाही. ‘हा अभ्यास या रुग्णालयात, खाली दिलेल्या कागदांप्रमाणे करण्यास परवानगी’ असे पूर्ण लिहिते. वाक्य लांबते, पण वाचणाऱ्याला कळते की परवानगी कशाला आहे आणि कुठपर्यंत आहे.

‘ज्या स्वरूपात ठेवला’ हे शब्दही गाळायचे नसतात. यादीतल्या प्रत्येक कागदापुढे आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असते. समजा पत्रात ‘मराठी माहितीपत्रक, आवृत्ती २.०’ असे आहे, आणि तुमच्या हातात दिलेल्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘आवृत्ती १.०’ आहे. मग तुमच्या हातातल्या कागदाला या पत्राची परवानगी नाही. मधल्या काळात एखादा नवा धोका कळला असेल आणि तो जुन्या कागदात नसेल. यादीत इंग्रजी माहितीपत्रक आहे पण मराठीचा उल्लेखच नाही, असेही होते. तेव्हा विचारायचे, की मराठी कागद समितीने पाहिला का? इंग्रजीला मिळालेली परवानगी मराठीला आपोआप लागू होत नाही. भाषांतर समितीपुढे वेगळे ठेवावे लागते.

हजर सदस्यांची यादी बहुतेक जण वाचत नाहीत. ती वाचावी. नियमाप्रमाणे समितीत निदान ७ सदस्य असतात आणि त्यांतले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे लागतात. निर्णय घेताना किमान ५ जण हजर हवेत, आणि त्यांत कायद्याचा जाणकार, समाजशास्त्रज्ञ किंवा सामाजिक संस्थेचा प्रतिनिधी आणि एक ‘ले पर्सन’ हवा. या ‘ले पर्सन’चे ‘अज्ञ व्यक्ती’ असे मराठी मी एका कागदावर वाचले आहे. अर्थ तसा नाही. डॉक्टर किंवा संशोधक नसलेला, तुमच्या-आमच्यासारखा नागरिक, एवढाच तो अर्थ. समितीत आपल्या बाजूने साधे प्रश्न विचारणारी खुर्ची हीच असते, म्हणून मी ‘सामान्य नागरिक सदस्य’ लिहिते.

‘इन्व्हेस्टिगेटर’चे तसेच. शब्दकोश पाहून कोणी ‘तपास अधिकारी’ लिहिले, की वस्तीत पोलीस आल्यासारखे वाटते. तिथे ‘मुख्य संशोधक डॉक्टर’ बरे.

एकच शब्द, दोन पैसे

पत्रात तपासलेल्या कागदांच्या यादीत एक ओळ विम्याची आणि ‘कॉम्पेन्सेशन’ची असते. सहभागासाठीचे कॉम्पेन्सेशन आणि गंभीर घटनेसाठीचे कॉम्पेन्सेशन अशा दोन्ही गोष्टी त्या एका ओळीत येतात. मराठीत दोन्हींना ‘भरपाई’ लिहिले, की मोठा घोटाळा होतो.

पहिला पैसा म्हणजे तपासणीला येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेला रोज. तो प्रत्येक फेरीला मिळतो आणि रक्कम लहान असते. दुसरा पैसा अभ्यासामुळे शरीराला इजा झाली किंवा मृत्यू झाला तरच द्यायचा असतो. तो प्रायोजकाने, म्हणजे अभ्यास करवून घेणाऱ्या संस्थेने, कायद्यातल्या सूत्राप्रमाणे द्यायचा असतो. दोन्हींना एकच शब्द असला, तर इजा झालेल्या बाईला कोणीही सांगू शकते, ‘‘बाई, तुमची भरपाई तर दर महिन्याला दिलीच की.’’ म्हणून मी एकाला ‘प्रवासखर्च व बुडालेली मजुरी’ लिहिते आणि दुसऱ्याला ‘इजेची नुकसानभरपाई’. त्यांच्या शेजारीच तिसरी गोष्ट वेगळ्या ओळीत लिहिते. इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. ती इजा अभ्यासामुळे झालेली नाही असे सिद्ध होईपर्यंत, किंवा डॉक्टरांच्या मते उपचारांची गरज असेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत ते चालू ठेवावे लागतात.

‘गंभीर घटना’ हा शब्दही उकलावा लागतो. इंग्रजीत ‘सीरियस’ आणि ‘सिव्हिअर’ असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्हींचे ‘गंभीर’ होते. डोके फुटेल इतके दुखले, पण गोळीने थांबले, तर त्रास तीव्र आहे, तरी या अर्थाने गंभीर नाही. मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती व्हावे लागणे किंवा भरतीचे दिवस वाढणे, कायमचे अपंगत्व, जन्मलेल्या बाळात व्यंग, या घटना गंभीर. अशी घटना घडल्यापासून २४ तासांत संशोधक डॉक्टरांनी सरकारी औषध नियंत्रकांना, प्रायोजकाला आणि समितीला कळवायची असते. घटना औषधामुळेच झाली असली पाहिजे असे नाही. अभ्यासात असलेला माणूस रिक्षाच्या धडकेने भरती झाला, तरी ती कळवायची. औषधाने चक्कर येऊन तो रिक्षाखाली गेला की काय, हे पुढे तपासायचे असते. म्हणून ‘दुष्परिणाम झाला तर सांगा’ हे भाषांतर अपुरे आहे. मी लिहिते, ‘काहीही झाले आणि दवाखान्यात भरती व्हावे लागले, तर त्याच दिवशी कळवा. कारण तुम्ही ठरवू नका.’

आराखड्याचा सारांश: एका खऱ्या अभ्यासावरून

मी ज्यांच्यासाठी काम केले ते आराखडे गोपनीय असतात. म्हणून जाहीर झालेला एक अभ्यास घेते. टीबीच्या साध्या औषधांतले मुख्य औषध रिफाम्पिसिन. त्याला दाद न देणाऱ्या टीबीवर ‘एंडटीबी’ नावाचा अभ्यास जॉर्जिया, भारत, कझाकस्तान, लेसोथो, पाकिस्तान, पेरू आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांत झाला. २०१६ च्या अखेरीपासून रुग्ण घ्यायला सुरुवात झाली, ७५४ रुग्ण गटांत वाटले गेले आणि २०२५ च्या जानेवारीत निकाल छापून आले. इंजेक्शनाशिवाय, फक्त गोळ्यांनी, ९ महिन्यांत हा टीबी बरा होतो का, असा प्रश्न होता. गोळ्यांच्या ५ वेगवेगळ्या पद्धती एका जुन्या, लांब उपचाराशी ताडून पाहायच्या होत्या. असा सारांश इंग्रजीत दोन-तीन पानांचा असतो. त्यातले चार शब्द मराठीत आणताना काय होते ते पाहा.

पहिला शब्द ‘रँडमाइज्ड’. सरकारी मराठीत ‘यादृच्छिक’. तो वस्तीत कोणालाही कळत नाही. मग ‘चिठ्ठ्या टाकून’ म्हणावे, तर ते पटकन कळते. कोणत्या पद्धतीची औषधे मिळतील हे रुग्ण ठरवत नाही, डॉक्टरही ठरवत नाहीत, हे त्यातून पोहोचते. पण ‘लॉटरी’ म्हणू नये. लॉटरी लागली म्हणजे बक्षीस मिळाले, आणि नव्या गोळ्यांचा गट म्हणजे बक्षीस नव्हे. या अभ्यासात आणखी एक गाठ होती. चिठ्ठ्या म्हटले की सगळ्यांना सारखी संधी असे वाटते. इथे जसजसे रुग्णांचे निकाल हाती येत गेले, तसतसे ज्या पद्धती चांगल्या दिसत होत्या त्यांच्याकडे जास्त रुग्ण पाठवले जात होते. म्हणजे ‘प्रत्येक गटात जाण्याची शक्यता सारखी’ हे वाक्य सवयीने लिहिले असते, तर ते खोटे ठरले असते.

दुसरा शब्द ‘कंट्रोल’. ‘नियंत्रण गट’ म्हटले की बायकांना कुटुंबनियोजन आठवते, आणि पुरुषांना वाटते की आपल्यावर कोणीतरी लक्ष ठेवणार. ‘तुलनेचा गट’ सोपे आहे. पण तुलना कशाशी, हेही लिहावे लागते. एंडटीबी चालू असतानाच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना बदलल्या आणि तुलनेच्या गटाचे उपचारही त्याप्रमाणे बदलत गेले. म्हणून ‘जुना उपचार’ असे एकदाच न लिहिता ‘त्या वेळी त्या ठिकाणी चालू असलेला प्रमाणित उपचार’ असे लिहावे लागते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, की एका गटाला मुद्दाम शिळे औषध दिले.

तिसरा शब्द सगळ्यांत अवघड, ‘नॉन-इन्फिरिऑरिटी’. कोशातले भाषांतर होईल ‘अ-कनिष्ठता’. कनिष्ठ या शब्दाने आपल्या घरांना पिढ्यान्पिढ्या काय दिले ते मी सांगायला नको. तो कागदावर दिसताच पुढचे वाचले जात नाही. पण अडचण तेवढीच नाही. अर्थ लपतो, हे त्याहून वाईट. अभ्यासाला नवी पद्धत जुनीपेक्षा सरस आहे हे सिद्ध करायचे नव्हते. ती जुनीपेक्षा ठरलेल्या मर्यादेपलीकडे कमी पडत नाही, एवढे दाखवायचे होते. ही मर्यादा आधीच ठरवली होती, १०० मागे १२. साध्या भाषेत सांगायचे तर संशोधक म्हणत होते, की उपचार लवकर संपतो आणि सुया टोचाव्या लागत नाहीत, याच्या बदल्यात बरे होणाऱ्यांचे प्रमाण थोडे कमी झाले तरी ते चालेल, पण हे थोडे १०० मागे १२ च्या आत आहे याची आकडेवारीने खात्री झाली पाहिजे.

हे सहभागी होणाऱ्याला कळायलाच हवे. मी लिहिते, ‘नवी औषधे जुन्या औषधांच्या जवळपास तरी काम करतात का, हे पाहायचे आहे. ती थोडी कमी काम करतील, अशीही शक्यता आहे.’ प्रत्यक्षात निकाल चांगला लागला. ५ पैकी ३ पद्धती या कसोटीला पूर्ण उतरल्या. तुलनेच्या गटात १०० पैकी साधारण ८१ जणांचा निकाल चांगला होता, या तिघींत ८५ ते ९०. बाकीच्या दोन कसोटीला पूर्ण उतरल्या नाहीत. सही करताना मात्र आपण कोणत्या पद्धतीत पडणार आणि ती उतरणार की नाही, हे कोणालाच माहीत नव्हते.

चौथी गोष्ट म्हणजे ‘७३ वा आठवडा’. सारांशात मुख्य निकाल ७३ व्या आठवड्याला पाहू असे असते, आणि उपचार ३९ आठवडे. मराठीत आठवडे तसेच ठेवले, तर घरातला माणूस ९ महिनेच लक्षात ठेवतो. ७३ आठवडे म्हणजे जवळजवळ १७ महिने. गोळ्या ९ महिन्यांत संपल्या, तरी टीबी परत येतो का हे पाहण्यासाठी त्यानंतरही बरेच महिने थुंकी तपासायला जावे लागते. घरकाम करणाऱ्या बाईने किंवा बिगारी कामाच्या माणसाने आधी हिशेब करायचा तो या १७ महिन्यांचा. कोणी गावी निघून गेला, की इंग्रजी कागदात त्याची नोंद ‘लॉस्ट टु फॉलो-अप’ अशी होते. त्याचे ‘हरवलेला’ किंवा ‘पळून गेलेला रुग्ण’ असे मराठी करू नये. ‘संपर्क तुटला’ एवढेच लिहावे. संपर्क दोन्ही बाजूंनी तुटतो.

त्रासांची यादीही अशीच उघड करून लिहावी लागते. लिनेझोलिडने ‘परिधीय मज्जाविकार’ होऊ शकतो, हे कोणाला कळणार? पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, असे लिहिले की बाई पहिल्याच आठवड्यात सांगायला येते. मज्जेचा हा त्रास लवकर कळला तरच आटोक्यात राहतो. क्लोफाझिमिनने ‘त्वचेच्या रंगात बदल’ होतो असे लिहिणे सभ्य दिसते, पण खरे म्हणजे चेहरा आणि अंग काळवंडते आणि औषध बंद केल्यावर रंग पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात. लग्नाच्या वयातल्या मुलीला आणि तिच्या आईला हे सही करण्याआधी कळले पाहिजे. नाहीतर ती दुसऱ्या महिन्यात गोळ्या नाल्यात टाकते आणि कोणाला सांगतही नाही.

उलट भाषांतराची चाळणी आणि तिची भोके

मराठी कागद तयार झाला की त्याचे ‘उलट भाषांतर’ होते. मूळ इंग्रजी न पाहिलेला दुसरा माणूस मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक शोधतात, दुरुस्त करतात, भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडतात आणि सगळे समितीपुढे जाते. चुकीचा डोस, गळलेले ‘नाही’, बदललेला आकडा अशा चुका या चाळणीत सापडतात, म्हणून ती हवीच.

पण तिची भोके ओळखून असावे. ‘यादृच्छिक’ या शब्दाचे उलट भाषांतर अचूक ‘रँडम’ येते आणि कागद पास होतो. ‘चिठ्ठ्या टाकून’चे उलट भाषांतर वेगळेच काहीतरी येते आणि त्यावर लाल खूण होते. म्हणजे कोणालाही न कळणारे मराठी या परीक्षेत पहिले येते आणि कळणारे मराठी नापास होते. अशा वेळी भाषांतरकाराने शब्द मागे न घेता शेजारी टीप लिहायची, की हा शब्द का निवडला आणि लोकांनी त्याचा अर्थ काय सांगितला.

हा पुरावा मिळवायचा एकच रस्ता मला ठाऊक आहे. विहारात किंवा अंगणवाडीत सहा-सात जणींपुढे कागद मोठ्याने वाचायचा. ‘कळले का?’ विचारायचे नाही, कारण सगळ्या ‘हो’ म्हणतात. विचारायचे, ‘‘ताई, हे तुमच्या सासूबाईंना कसे सांगाल?’’ अशाच एका वाचनात ‘केव्हाही माघार घेऊ शकता’ या वाक्यावर एक मावशी म्हणाल्या, ‘‘माघार तर हरलेला घेतो. एकदा हो म्हटल्यावर आपण कशाला घेऊ?’’ तेव्हापासून मी लिहिते, ‘केव्हाही नाव काढून घेऊ शकता. कारण सांगावे लागत नाही, आणि तुमचे नेहमीचे उपचार त्यामुळे बंद होत नाहीत.’

अनेक देशांच्या अभ्यासात आणखी एक सापळा असतो. मूळ कागद सगळ्या देशांसाठी एकच लिहिलेला असल्याने त्यात जागोजागी ‘स्थानिक कायद्याप्रमाणे’ असते. भाषांतर अचूक झाले तरी आपल्या माणसाच्या हाती काही पडत नाही. मोफत उपचार किती, नुकसानभरपाई कोण देणार, तक्रार कोणाकडे करायची, हे भारतापुरते उलगडून हवे. मात्र भाषांतरकाराने ते स्वतःच्या मनाने घालायचे नसते. प्रायोजकाला लेखी कळवायचे, त्यांनी भारतासाठीच्या इंग्रजी प्रतीत भर घालायची, समितीने ती तपासायची आणि मग ती मराठीत यायची. यात महिना-दीड महिना जातो. तेवढा जाऊ द्यावा.

तुमच्या दारात असा कागद आला तर

समितीचे पत्र सहसा घरी दिले जात नाही, ते रुग्णालयाच्या फायलीत असते. माहितीपत्रक आणि सही केलेले संमतिपत्र यांची प्रत मात्र तुम्हाला मिळालीच पाहिजे, हा नियम आहे. वाचता येत नसेल, तर संमतीच्या पूर्ण वेळ एक त्रयस्थ साक्षीदार हजर लागतो, आणि तो अभ्यासाच्या टीममधला नसावा. प्रत हातात आली की तळाची आवृत्ती आणि तारीख पाहा, आणि पत्रातल्या यादीत हीच आहे का ते विचारा. अभ्यासाचा सीटीआरआय क्रमांक मागा. पहिला रुग्ण घेण्याआधी ही नोंद व्हावी लागते, आणि ctri.nic.in या ठिकाणी ती कोणालाही पाहता येते. घरातल्या शिकलेल्या मुलाला मोबाईलवर पाहायला सांगा. अभ्यास कोण करवून घेतो, कोणकोणत्या देशांत चालतो, आपले रुग्णालय यादीत आहे का आणि कोणत्या समितीने परवानगी दिली, हे तिथे असते.

आणि कागद रात्री घरी नेऊन वाचू द्या म्हणावे. घरच्यांशी बोलून ठरवायला वेळ मागणे हा तुमचा हक्क आहे. आजच सही हवी, उद्या जागा राहणार नाही, असे कोणी म्हणाले, तर माहितीपत्रकावर छापलेला समितीच्या सचिवांचा फोन नंबर लावावा. तो तिथे त्यासाठीच छापलेला असतो.